प्लेजरिझमची नोटीस नीट कशी लिहावी?

आमच्या डिपार्टमेंटची नोटीस आहे, 'आपण वाङ्मयचौर्य केल्याचे आढळले असून तात्काळ खुलासा करावा अन्यथा कारवाई'. ही नीट कशी लिहू?

आधी 'केल्याचे आढळले' काढा, चौकशी व्हायच्या आधीच निकाल लागल्यासारखं वाटतं ते. आणि नुसतं 'साम्य ४३ टक्के' लिहून पण भागत नाही, कारण यूजीसीच्या २०१८ च्या नियमात संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगैरे मोजायचीच नसतात, म्हणून कुठली पानं, कुठला मूळ स्रोत ते सांगा आणि रिपोर्ट सोबत जोडा. मी असं लिहीन:

'तुमच्या प्रबंधातल्या पान ४१ ते ५८ वरचा मजकूर सोबतच्या लेखाशी जुळतो, श्रेय दिलेलं दिसत नाही. हा संशय आहे, निर्णय नाही. विभागाची समिती तपासून ४५ दिवसांत संस्थेच्या समितीला अहवाल देईल. तुम्ही १५ तारखेपर्यंत लेखी उत्तर आणि तुमचे ड्राफ्ट देऊ शकता, समितीसमोर बोलूही शकता.'

'तात्काळ'ऐवजी तारीख टाकाच, पोरं घाबरून त्याच रात्री माफीनामा लिहून देतात (बघितलंय मी). शिक्षा पण स्पष्ट सांगा, ४० ते ६० टक्क्यांत सिद्ध झालं तर सुधारित प्रबंध एक वर्ष देता येत नाही, रजिस्ट्रेशन रद्द होतं ते ६० च्या वर.