निकालाच्या तोंडावर ट्रेलिंग स्टॉप-लॉसवर किती विसंबावे?

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करते. दहा महिन्यांपूर्वी ३१० रुपयांनी घेतलेले एका कंपनीचे ४०० शेअर आज ५२० रुपयांवर आहेत. मुलीच्या प्रवेशासाठी जूनअखेर एक लाख रुपये लागतील. पुढच्या आठवड्यात कंपनीचा तिमाही निकाल आहे. आठ टक्क्यांचा ट्रेलिंग स्टॉप-लॉस लावून सगळे शेअर तसेच ठेवले तर चालेल का?

उत्तर : सगळे शेअर तसेच ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशाची रक्कम निकालाआधीच मोकळी करून घ्यावी आणि उरलेल्या शेअरांना स्टॉप-लॉस जरूर लावावा.

आठ टक्क्यांचे अंतर ठेवल्यास आज आपला ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला विक्रीची ऑर्डर जागी होते तो भाव, ४७८.४० रुपयांवर बसेल. भाव ५६० पर्यंत चढला, तर ट्रिगरही ५१५.२० वर सरकेल, आणि त्यानंतर भाव ५४० वर उतरला तरी तो खाली येणार नाही. दिवसभराच्या व्यवहारांत भाव थोडा थोडा घसरत ५१५ पर्यंत आला, तर वाटेत घेणारे असतात, त्यामुळे विक्री ट्रिगरच्या आसपास होते आणि दर शेअरमागे दोनशे रुपयांच्या आसपास नफा हाती येतो. अशा संथ घसरणीसाठी हे साधन चांगले आहे.

निकाल मात्र बहुधा साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर जाहीर होतात. रात्रभरात सगळ्यांचे मत बदलते आणि सकाळी नऊच्या प्री-ओपन सत्रात जमलेल्या खरेदी-विक्रीच्या मागणीतून नवा भाव ठरतो. समजा, ५६० वर बंद झालेला शेअर सव्वानऊला ४८२ वर उघडला. मधल्या कोणत्याही भावाला एकही व्यवहार झालेला नसतो, त्यामुळे ५१५.२० ला विकण्याची संधी मुळात आलेलीच नसते. १६ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचा निकाल आला आणि दुसऱ्या दिवशी तो शेअर आठ टक्क्यांहून अधिक घसरून बंद झाला. इतक्या मोठ्या बँकेच्या बाबतीत हे घडू शकते, तर लहान कंपनीत त्याहून मोठी दरी पडण्याची तयारी ठेवलीच पाहिजे.

अशा सकाळी पुढे काय होईल, हे ऑर्डरच्या प्रकारावर ठरते. ट्रिगर लागल्यावर बाजारभावाने विकणारी ऑर्डर असेल, तर शेअर ४८२ च्या आसपास विकले जातील. म्हणजे ४०० शेअरांवर अपेक्षेपेक्षा सुमारे १३,३०० रुपये कमी मिळतील, पण सुटका होईल. ट्रिगरसोबत ५१२ ची लिमिट, म्हणजे त्याहून कमी भावाला न विकण्याची अट, दिलेली असेल, तर ऑर्डर जागी होईल, परंतु ५१२ देणारा कोणी नसल्याने ती तशीच पडून राहील आणि भाव ४५० वर गेला तरी शेअर आपल्याच खात्यात असतील. बऱ्याच ब्रोकरांच्या दीर्घ मुदतीच्या जीटीटी ऑर्डर लिमिटच्याच असतात, हे कित्येकांना अशा दिवशीच कळते. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या घसरणीच्या कमाल मर्यादेला, अडकला, तर खरेदीदारच नसल्यामुळे दोन्ही प्रकार निरुपयोगी ठरतात.

आता कराचा मुद्दा, कारण आपण थांबू पाहत आहात त्यामागे तोही असावा. आज २२० शेअर विकल्यास १,१४,४०० रुपये येतील. ४६,२०० रुपयांच्या अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आणि उपकर मिळून सुमारे ९,६०० रुपये जातील, आणि हाती एक लाख चार हजारांहून थोडे अधिक राहतील. वर्ष उलटल्यावर विकले, तर वर्षातला एकूण दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेपर्यंत हा कर वाचेल. मात्र ही बचत दर शेअरमागे जेमतेम ४४ रुपयांची आहे, आणि एका वाईट सकाळी भाव ४७६ च्या खाली उघडला की ती पुरती संपते. प्रवेशाची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून या २२० शेअरांवरचा कर मी आनंदाने भरला असता.

उरलेले १८० शेअर ठेवताना बाजारभावाने विकणाऱ्या ऑर्डरची सोय ब्रोकरकडे आहे का ते विचारावे. नसल्यास लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली, निदान पाच-सहा टक्के अंतरावर ठेवावी. लिमिट खाली ठेवली म्हणून शेअर त्याच भावाला जात नाही, त्या क्षणी मिळणारा सर्वांत चांगला भाव मिळतो. एक्स्चेंजवरची साधी स्टॉप-लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून ती रोज सकाळी नव्याने टाकावी लागते. जीटीटी आपोआप वर सरकत नसेल, तर ट्रिगरही स्वतःच बदलावा लागतो. शिवाय विकलेले शेअर खात्यातून काढण्याचा अधिकार ब्रोकरला देणारा डीडीपीआय आपण दिलेला नसेल, तर त्या दिवशी टी-पिन या सांकेतिक क्रमांकाने मंजुरी न दिल्यास विक्रीची ऑर्डर फेटाळली जाऊ शकते, तेव्हा डीडीपीआयचा अर्ज निकालाच्या आधी पूर्ण करून घ्यावा.