आधी व्हिसा की आधी रजा?

माई, नमस्कार. मी खान्देशातल्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे, वय 54. एकुलती एक पोरगी जर्मनीत असते. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी 10 मार्च तारीख दिलीय. तिला सासू नाही, त्यामुळे मलाच जायचंय. साहेबांकडे विषय काढला तर म्हणाले, ‘ऐन मार्चमध्ये वसुली सोडून? आधी व्हिसा आणा, मग बघू.’ एजंट म्हणतो, आधी ऑफिसचं पत्र आणा. परत कधी येणार, तेही साहेबांना पक्कं हवंय. बाळंतपणाचं पक्कं कसं सांगू? सोबतचे म्हणतात, महिनाभराची टाक आणि तिकडून मेडिकल लावत राहा. अर्जित रजा 162 दिवस शिल्लक आहे. दिवाळी झाली तरी गाडी जागची हललेली नाही. काय करू?
— एक होऊ घातलेली आजी

ताई, 27 वर्षं मी आस्थापना शाखेत लोकांच्या रजांचे हिशेब ठेवले, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी माझाच हिशेब चुकला. पक्की तारीख टाकून रजा मंजूर करून घेतली, टेबल सोपवलं, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात पडला 12 दिवस उशिरा. ते 12 दिवस मी रजेवर असून घरातच होते. भरलेली बॅग दिवाणाशेजारी उभी, आणि शेजारणी रोज विचारायच्या, ‘अजून गेल्या नाहीत का?’ रजेची शेवटची तारीख काही माझ्यासाठी पुढे सरकली नाही.

म्हणून सगळ्यात आधी अर्जातलं वाक्य. साहेब ज्याला ‘रजा’ म्हणतात त्यात खरं तर दोन गोष्टी आहेत: परदेशात जायची परवानगी आणि प्रत्यक्ष रजा. दोन्ही एकाच अर्जात मागा, आणि व्हिसा हातात नसतानाच मागा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘मुलीच्या प्रसूतीसाठी जर्मनीस जाण्याकरिता, व्हिसा मिळण्याच्या अधीन राहून, 18 फेब्रुवारी ते 22 मे अशी 94 दिवसांची अर्जित रजा व परदेशगमनाची परवानगी मिळावी. व्हिसा मिळण्यास विलंब झाल्यास रजा प्रत्यक्ष कार्यमुक्त झाल्याच्या दिनांकापासून धरावी.’ हे शेवटचं वाक्य माझ्या अर्जात नव्हतं. सोबत पासपोर्टची प्रत जोडा आणि खर्च कोण करणार ते लिहा. अर्ज तहसीलदारांच्या शिफारशीने वर जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. तिथे फाईल किती दिवस पडून राहते हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून याच आठवड्यात द्या आणि आवक क्रमांक घेऊनच टेबलावरून उठा.

तुमचा एजंट ज्या पत्रासाठी अडून बसलाय ते हेच. नोकरी चालू आहे, अमुक ते अमुक रजेला हरकत नाही, त्यानंतर बाई कामावर हजर होणार, एवढंच वकिलातीला त्यात बघायचं असतं. तुम्ही परत येणार याचा तुमच्याकडे त्याहून भक्कम कागद नाही. तिकिटाचं नुसतं आरक्षण जोडलं तरी चालतं, व्हिसा लागायच्या आधी पैसे भरून तिकीट काढू नका. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. निर्णय साधारण 15 दिवसांत होतो, पण कागद तपासायला घेतले तर 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतो. शिवाय कागद द्यायला जायची तारीख मिळणं हे वेगळंच. म्हणजे तुमचे कागद डिसेंबरात गेले पाहिजेत, जानेवारीत नाही.

आता 22 मे कुठून आली ते सांगते, कारण साहेबांना हवी असलेली ‘पक्की तारीख’ त्यातच आहे. तुम्हाला मिळेल तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा. त्यावर कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि पोहोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. 20 फेब्रुवारीला पोहोचलात तर फेब्रुवारीचे 9, मार्चचे 31, एप्रिलचे 30 आणि मेचे 20 मिळून 90 होतात. 20 मेच्या पुढे तुम्हाला तिथे राहताच येत नाही, आणि परतीच्या प्रवासाचे दोन दिवस धरले की 22 मे. बाळ कधी येईल हे कुणी सांगू शकत नसलं, तरी आजी उशिरात उशिरा कधी परतेल हे त्या देशाने आधीच ठरवून ठेवलंय. साहेबांना हेच सांगा: ‘22 मेच्या पुढे एक दिवस नाही, झालं तर आधीच येईन.’

आणि एवढ्यात भागतं का, तेही मोजून बघू. पहिलटकरणीची तारीख मागे-पुढे होणारच. 37 आठवडे 17 फेब्रुवारीला भरतात आणि 42 आठवडे 24 मार्चला. त्यापुढे डॉक्टर सहसा वाट बघत नाहीत, कळा आणवतात. अगदी 24 मार्चला बाळ झालं असं धरलं, तरी सव्वा महिना मेच्या पहिल्या आठवड्यात उलटतो. त्यानंतरही तुमच्या हातात दोन आठवडे राहतात. परतीचं तिकीट 8 मेचं, तारीख बदलता येईल असं घ्या. सिझेरियन झालं किंवा बाळाला कावीळ झाली म्हणून आठवडाभर थांबावं लागलं, तर ते या दोन आठवड्यांत बसतं. सगळं सुरळीत झालं तर 8 मेला निघा, पण लवकर हजर होणार असल्याचं दोन आठवडे आधी लिहून कळवा आणि तशी परवानगी घ्या. मंजूर रजा संपायच्या आत आपल्या मनाने जाऊन खुर्चीत बसता येत नाही, हे कारकुनांनाही पुष्कळदा माहीत नसतं. तरी जास्त मागून कमी करून घेणं सोपं, कमी मागून तिकडून वाढवणं फार अवघड.

व्हिसा हातात आला की चष्मा लावून स्टिकर वाचा. त्यावर ‘फ्रॉम’ आणि ‘अंटिल’ अशा दोन तारखा असतात आणि ‘ड्युरेशन ऑफ स्टे’समोर दिवसांचा आकडा असतो. ‘अंटिल’समोर 4 जून दिसली की लोकांना वाटतं, 4 जूनपर्यंत राहता येईल. तसं नाही. तारखांच्या मधल्या काळात फक्त तो आकडा वापरायचा असतो. आकडा 90 असेल तर तुमचा शेवट 20 मेच. आणि वकिलातीने 60 च दिले असतील, तर 20 फेब्रुवारीपासून मोजून 20 एप्रिलपर्यंत तुम्ही बाहेर पडायला हव्यात. तसं झालं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघा, म्हणजे ते 60 दिवस बाळंतपणानंतर कामी येतील. त्या स्टिकरची प्रत जोडून सुधारित तारखा ऑफिसला कळवा. आता तिकडे येण्या-जाण्याची नोंद संगणकावर चेहऱ्याच्या फोटोसह होते, एक दिवस जास्त झाला तरी लपत नाही.

मार्च एंडचं काय? साहेबांची बाजू मला कळते, मी त्या खुर्चीच्या शेजारीच बसत होते. 31 मार्चला वसुलीचा आकडा त्यांना वर द्यायचाय, आणि रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही असं 1981 च्या रजा नियमांतच लिहिलंय. त्यांच्याशी भांडू नका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थकबाकीदारांच्या याद्या आणि नोटिसा पूर्ण करून देते असं सांगा, अतिरिक्त कार्यभार कोण घेणार त्याची लेखी संमती अर्जालाच लावा. त्याने पुष्कळदा काम होतं.

नाहीच झालं, तर 1 एप्रिलला पोहोचायची रजा घ्या. हे ऐकून तुमच्या पोटात कालवेल, पण तिथे प्रसूतीच्या खोलीत सहसा एकच माणूस सोबत असतो आणि तो जावईच असणार. तुम्ही लवकर गेलात तरी त्या रात्री फोन हातात घेऊन घरीच बसणार आहात. तिकडे दवाखान्यातून दोन-चार दिवसांत घरी सोडतात आणि सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासते. अवघड असतात ते त्यापुढचे आठवडे, रात्रीचे. मात्र या पर्यायात पहिले तीन आठवडे जावयाला सुटी लागेल, आणि तिथल्या बापाला पालकत्व रजेची लेखी सूचना सात आठवडे आधी द्यावी लागते. 10 मार्चपासून हवी तर 20 जानेवारीच्या आत. तेव्हा साहेबांचं ‘हो’ की ‘नाही’ जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात निघालंच पाहिजे, आणि पोरीशी या दुसऱ्या रस्त्याचं बोलणं आजच व्हायला हवं. तिला आई नेमकी कधी हवीय, हे तुम्ही तिला विचारलंय का? तुमच्या पत्रात ते कुठे दिसलं नाही मला.

मेडिकलचं डोक्यातून काढा. मेडिकलवर मिळते ती परिवर्तित रजा, आणि ती तुमच्या स्वतःच्या आजारपणावर मिळते, मुलीच्या बाळंतपणावर नाही. धुळ्याच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि त्याच तारखांना जर्मनीतल्या नोंदीचा पासपोर्ट, हे दोन कागद एका फाईलीत आले की रजा राहते बाजूला आणि चौकशी सुरू होते. चार वर्षांवर निवृत्ती आलेल्या बाईने हे करू नये. आणि न कळवता राहिलात तर त्या दिवसांचा पगार नाही, शिवाय शिस्तभंग. खरंच तिथे काही गंभीर झालं, पोरगी अतिदक्षता विभागात असली किंवा तुम्हीच आजारी पडलात, तर व्हिसा संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदतवाढ मागता येते. पण ‘मुलीला मदत हवी’ एवढ्या कारणावर ती मिळत नाही. ऑफिसलाही त्याच दिवशी ई-मेल करा, दवाखान्याचं पत्र इंग्रजीत मागून जोडा, आणि खात्यावर असलेली अर्धवेतनी रजा खाजगी कारणासाठी मागा. ती त्याकरता चालते.

94 दिवस गेले म्हणजे निवृत्तीच्या वेळी तेवढ्या दिवसांच्या रजेचे पैसे कमी मिळतील. सोबतचे हे तुम्हाला ऐकवतीलच, म्हणून मीच सांगून ठेवते. माझे त्यात गेलेत, मला त्याची हळहळ नाही.

ता. क. घरच्या तुपाचा डबा नेऊ नका. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. डिंक, हाळीव, खारीक, सुंठ कोरडी न्या. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की तूप छान निघतं, लाडू तिच्याच ओट्यावर वळा.