व्हिडिओ इंटरव्ह्यूआधी रिक्रूटरकडून काय काय मागून घ्यावं?

प्रश्न: शुक्रवारी ११ वाजता व्हिडिओ इंटरव्ह्यू आहे. कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरने फक्त वेळ कळवली, लिंक अजून आली नाही. लिंक, टेस्ट कॉल आणि अडचण आली तर कुणाचा तरी नंबर असं सगळं मागितलं तर त्यांना राग येईल का? कसं विचारू?

उत्तर: राग येणार नाही. मी पुण्यातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू जुळवण्याचं काम करते. आदल्या दिवशी असा मेसेज आला की मला उलट बरं वाटतं, कारण आमच्याकडून काही राहिलं असेल तर ते तेव्हाच लक्षात येतं.

आधी लिंकचं बघू. कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरकडे बरेचदा लिंक नसतेच. ती आमच्यासारखं कुणीतरी कंपनीच्या कॅलेंडरमधून तयार करतं आणि रेझ्युमेवरच्या ईमेलवर पाठवतं. म्हणून स्पॅम फोल्डर आधी तपासा. रिक्रूटरला विचारताना "लिंक पाठवा" एवढ्यावर थांबू नका. इन्व्हाइट कोणत्या ईमेलवर आणि कुणाच्या नावाने येणार आहे, तेही विचारा.

हे का सांगते आहे? मागे एका मुलाचा इंटरव्ह्यू सकाळी ११ चा होता, तो दुपारी ३ वर गेला. तीच मीटिंग पुढे सरकवली तर लिंक तीच राहते. पण त्या वेळी पॅनेलही बदललं, म्हणून जुनी मीटिंग रद्द करून दुसऱ्या व्यक्तीने नवी तयार केली. त्याने जुन्या मेलमधली लिंक उघडली. टीम्समध्ये बाहेरचा माणूस आधी लॉबीत थांबतो आणि आत घेणारं कुणी नसलं तरी स्क्रीनवर थांबा एवढंच दिसत राहतं. तो बिचारा २५ मिनिटं तिथे बसून होता. पॅनेल दुसऱ्या मीटिंगमध्ये त्याची वाट बघत होतं आणि १५ मिनिटांनी त्यांनी "उमेदवार आला नाही" अशी नोंद करून टाकली. त्याने कन्सल्टन्सीला फोन केला, पण तिथल्या मॅडम त्याच वेळी दुसऱ्या कॉलवर होत्या. माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. पुन्हा वेळ मिळवून देताना मला चार दिवस लागले. तेव्हापासून प्रत्येक इन्व्हाइटमध्ये मी माझा नंबर लिहिते.

म्हणजे पर्यायी संपर्क मागताना नुसता "आणखी एक नंबर" उपयोगाचा नाही. त्या तासाला जो मोकळा असेल आणि पॅनेलला थेट निरोप देऊ शकेल अशा माणसाचा नंबर हवा. तुमचाही मोबाइल नंबर त्यांना द्या, म्हणजे नेट गेलं तर ते फोनवर इंटरव्ह्यू पुढे नेऊ शकतील.

टेस्ट कॉलला प्रत्येक रिक्रूटरकडे वेळ असतोच असं नाही. नाही म्हणाले तर आग्रह धरू नका, पण झूम, मीट की टीम्स, स्क्रीन शेअर करावी लागेल का आणि कोडिंगसाठी वेगळी लिंक आहे का, एवढं विचारून घ्या. मग त्याच प्लॅटफॉर्मवर मित्राला कॉल लावा. लॅपटॉप, जागा आणि नेट तेच ठेवा, जे शुक्रवारी असणार आहे. झूमसाठी zoom.us/test वर एकट्यानेही माइक आणि कॅमेरा तपासता येतो. पण स्क्रीन शेअर मित्राबरोबरच करून बघा, कारण घोटाळा बहुधा तिथे होतो. मॅकवर पहिल्यांदा शेअर करताना सेटिंग्जमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि त्यानंतर ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. ऐन इंटरव्ह्यूत हे करायचं म्हणजे मीटिंगमधून बाहेर पडायचं. सध्याच्या ऑफिसचा लॅपटॉप तर वापरूच नका. त्यावर ॲप किंवा स्क्रीन शेअर बंद केलेलं असू शकतं.

बुधवारी दुपारपर्यंत एकच मेसेज पाठवा. असा चालेल:

"नमस्कार, शुक्रवारी सकाळी ११ च्या इंटरव्ह्यूला मी नक्की हजर राहीन. लिंक कोणत्या ईमेलवर येईल आणि कोणाकडून, ते कळवाल का? इंटरव्ह्यू कोणत्या ॲपवर आहे, स्क्रीन शेअर लागेल का? शक्य असेल तर गुरुवारी ५ मिनिटांचा टेस्ट कॉल करू. त्या वेळी जोडता आलं नाही तर पॅनेलपर्यंत निरोप पोचवेल अशा कुणाचा नंबर मिळाला तर बरं होईल. माझा मोबाइल नंबर खाली देत आहे."

गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर सरळ फोन करा. टेस्टच्या नावाखाली कुणी एनीडेस्कसारखं ॲप टाकायला किंवा पैसे भरायला सांगितलं तर तिथेच थांबा. इंटरव्ह्यूसाठी त्यातलं काहीच लागत नाही.

शुक्रवारी १० वाजून ५० मिनिटांनी सर्वांत शेवटच्या मेलमधली लिंक उघडा. नाव विचारलं तर रेझ्युमेवरचं पूर्ण नाव टाका, नाहीतर लॉबीत कोण थांबलंय ते पॅनेलला कळत नाही. ११ वाजून ५ मिनिटांपर्यंत कुणी आत घेतलं नाही तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि लगेच त्या नंबरवर फोन लावा.