वॉर्ड क्लार्कची कथा: बदललेले रिपोर्ट त्याला कसे कळतील?

«रात्रपाळीच्या वॉर्ड क्लार्कवर लघुकथा लिहितेय. फाइलला रिपोर्ट लावताना दोन पेशंटचे रिपोर्ट बदललेत हे त्याच्या लक्षात येतं. त्याला ते कळेल कसं, आणि तो करेल काय?»

मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते, त्यावरून सांगते. एकाचा कागद दुसऱ्याच्या फाइलला लागला, तर नाव वाचताच कळतं आणि गोष्ट तिथंच संपते. कथेसाठी वेगळी चूक घ्या: दोघांचं रक्त एकापाठोपाठ काढलं आणि रक्ताच्या नळ्यांवर, म्हणजे बल्बवर, लेबलं नंतर टेबलापाशी येऊन लावली, ती उलटी लागली. आता रिपोर्टवर नाव बरोबर, आयपीडी नंबर बरोबर, रक्त मात्र दुसऱ्याचं.

क्लार्क डॉक्टर नाही. पण तो रिपोर्ट तारखेप्रमाणे लावतो, त्यामुळे कालचा कागद त्याच्या हाताखालीच असतो. समजा, बेड ९ वर किडनीच्या आजाराच्या बाई आहेत. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन काल ७.८, आज ०.९, आणि मधे डायलिसिस झालेलंच नाही. असं एका रात्रीत होत नाही. बेड ११ वर जुलाब-उलट्यांचा तरुण, काल १.०, आज ७.६. एक चुकीचा सापडला की त्याची जोडी शोधायची, हे क्लार्कला सवयीनं ठाऊक असतं.

संशय पोटॅशियमवर उभा करू नका. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी ते खोटं वाढलेलं दिसतं. जिवाचा धोका मात्र त्याचाच. बाईंच्या नावावर २.९, म्हणजे कमी, आलंय. ते पाहून हाउसमननं, म्हणजे वॉर्डच्या ज्युनियर डॉक्टरनं, सलाइनमधून पोटॅशियम सुरू केलं, तर आधीच ६.३ असलेल्या बाईंचं हृदय बंद पडू शकतं. तेव्हा क्लार्क आधी हे बघेल, की ऑर्डर लिहिली गेली आहे का.

कागद परस्पर बदलून लावावेत, असा मोह त्याला होईल. माझ्या मते कथा इथंच आहे, इथं थांबा. त्यानं तसं केलं, तर प्रत्येक फाइलमध्ये भलत्याच नावाचा कागद राहील. शिवाय त्याच फेरीत तिसऱ्या बेडचंही रक्त काढलं असेल, तर घोळ दोघांपुरता आहे हे कशावरून? म्हणून तो दोन्ही फाइली सिस्टरपुढे उघडून ठेवेल. सिस्टर हाउसमनला फोन करेल, ऑर्डर थांबेल, ईसीजी निघेल. रक्त पुन्हा घेतलं जाईल, पेशंटला नाव विचारून, लेबल पलंगापाशीच लावून. लॅबलाही कळवावं लागेल, कारण त्याच वेळचे सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशी मोजायचे, बल्बही उलटे असणार. जुने रिपोर्ट फाडायचे नाहीत. त्यांवर रेघ, कारण, सही आणि वेळ.

आणि रक्त काढणारी सिस्टर तीच ठेवा, जिला त्याला हे सांगायचंय. तिला वाईट रंगवू नका. भरल्या वॉर्डात ती रात्री एकटी असते, आणि हे ऐकल्यावर ती वाद घालायच्या आधी बेड ९ चं सलाइन बघायला धावेल.