वयस्कर डोळ्यांसाठी वाचनाचा दिवा

प्रश्न: बाबा ७६ वर्षांचे आहेत. चष्म्याचा नंबर नुकताच तपासला, तरी रात्री पेपर वाचताना ‘उजेड कमी पडतो’ म्हणतात. खोलीत ट्यूब आहे. कोणता दिवा घ्यावा?

उत्तर: बाबा बरोबर बोलतायत. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. तुम्हाला लख्ख वाटणारी ट्यूब त्यांना मिणमिणती वाटणारच.

माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक आल्या आल्या वॅट विचारतं, मी अंतर विचारतो. ९ वॅटचा, म्हणजे एकूण ८०० ल्युमेनच्या आसपास उजेड देणारा एलईडी बल्ब कागदापासून ८० सेंटिमीटरवर असेल तर कागदावर उजेडाचे जेमतेम १०० लक्स पडतात. तोच ४० वर आणला की ४००. अंतर निम्मं, उजेड चौपट. त्यावर आतून पांढरी असलेली शेड बसवली की आकडा ७००-८०० पर्यंत जातो, आणि या वयाला तेवढा लागतोच. म्हणून मोठा बल्ब शोधण्यापेक्षा दांडा वळवून जवळ ओढता येईल असा दिवा घ्या. कापडी शेडचे शोभेचे लॅम्प दिसायला छान, वाचायला कुचकामी.

उजेड वाढला की चकाकीही वाढते, आणि म्हाताऱ्या भिंगात प्रकाश विखुरत असल्याने ती त्यांना जास्त खुपते. बाबा नेहमीच्या खुर्चीत बसले की शेडची खालची कड त्यांच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली असावी. बल्ब उघडा दिसता कामा नये. दिवा समोर ठेवू नका, बाजूने, खांद्याच्या थोडा पुढे घ्या. लिहायचंही असेल तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते. जागा बरोबर आहे का, हे बघायला छोटा आरसा पानावर ठेवा आणि बाबांनाच त्यात बघायला सांगा. बल्ब दिसला तर दिवा सरकवा, कारण गुळगुळीत कागदावरून तोच उजेड डोळ्यात येतोय. आणि खोलीतली ट्यूब बंद करू नका. काळोखात एकटा दिवा असला की पानावरून नजर उचलली की अंधारी आल्यासारखं होतं.

राहिला रंग. आपल्याकडे सरसकट ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र बल्ब खपतो. वयस्करांना त्यातली निळसर झाक बोचते. २७०० चा पिवळा डोळ्याला निवांत, पण पिवळट भिंगातून कागद आणखी पिवळा दिसतो. मी ४००० देतो. झोपेची तक्रार असेल तर झोपायच्या आधीच्या वाचनाला ३००० बरा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते सीआरआयचा आकडा सांगतो. खोक्यावर ‘सीआरआय ९०’ मिळालं तर थोडे जास्त पैसे मोजा, नाहीतर ८० चालेल.

एवढं करूनही दिव्याभोवती वलय दिसत असेल किंवा रात्री समोरच्या गाडीचे हेडलाइट पसरून दिसत असतील, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मोतीबिंदू तपासून घ्या.