आतड्याच्या ऑपरेशननंतरचे मुतखडे : कॅल्शियमची गोळी जेवताना की झोपताना?

*“माझ्या सासऱ्यांचं तीन वर्षांपूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दिवसाला चार-पाच वेळा पातळ जुलाब होतात. यंदा दोनदा मुतखडा निघाला. खडा तपासला तर रिपोर्टमध्ये कॅल्शियम ऑक्झलेट आलं. गावातले सगळे म्हणतात, दूध-दही बंद करा, आणि आता डॉक्टरांनी उलट कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आप्पा गोळ्या घ्यायलाच तयार नाहीत. आम्ही काय करावं?”*

ताई, गोळ्या सुरू करा, पण घ्यायची वेळ नीट समजून घ्या. अगदी अशाच अवस्थेत आलेल्या रावेरकडच्या एका केळी बागायतदाराचं उदाहरण सांगते. त्यांना इथे नाना म्हणू.

नानांना आतड्याचा टीबी झाला होता. आतडं आकसून अडथळा आला, म्हणून लहान आतड्याचा शेवटचा सुमारे साडेतीन फूट भाग आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. टीबी बरा झाला, जुलाब मात्र राहिले. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, भांड्याला चिकटणारं. ही खूण आप्पांनाही विचारून बघा. त्यावरून कळतं की खाल्लेलं तेल-तूप पचत नाहीये. ते पचायला पित्त लागतं, आणि पित्त परत शोषून घेण्याचं काम आतड्याचा नेमका तोच कापलेला भाग करत असतो.

खड्याची सुरुवात इथून होते. भाज्या, शेंगदाणे, तीळ यांतून ऑक्झलेट पोटात येतं. एरवी जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरतं, दोघांचा न विरघळणारा चोथा होतो आणि तो शौचावाटे निघून जातो. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्झलेटचा शेकडा 5 ते 15 एवढाच हिस्सा पोचतो. पण न पचलेली चरबी आतड्यात पडून राहिली की तीच कॅल्शियमला पकडते आणि त्याचा साबण बनतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरा साका धरतो ना, रसायन तेच. कॅल्शियम असं अडकून पडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं. मोठ्या आतड्यापर्यंत आलेलं पित्त आणि चरबी तिथलं अस्तरही सैल करतात, त्यामुळे ते मोकळं ऑक्झलेट भराभर रक्तात शिरतं. रक्तातून त्याला बाहेर पडायला एकच वाट, मूत्रपिंड.

म्हणजे हा खडा आतड्यात कॅल्शियम कमी पडल्यामुळे होतोय. ज्यांचं मोठं आतडं काढून पोटावर पिशवी बसवलेली असते त्यांना हे ऑक्झलेटचे खडे सहसा होत नाहीत. त्यांचे खडे बहुधा यूरिक ॲसिडचे असतात, आणि हा सल्ला त्यांच्यासाठी नाही.

नानांच्या 24 तासांच्या लघवीच्या तपासणीत हेच दिसलं. ऑक्झलेट 84 मिलिग्रॅम, जे साधारण 40-45 च्या आत हवं. कॅल्शियम फक्त 64, जे अडीचशेपर्यंत चालतं. खडा होऊ न देणारं सायट्रेट 110, जे किमान 320 हवं. लघवी दिवसभरात जेमतेम एक लिटर. पहिले दोन आकडे शेजारी ठेवून नानांना दाखवले तेव्हा त्यांची कॅल्शियमची भीती गेली. लघवीत कॅल्शियम मुळात कमीच होतं. जास्त होतं ते ऑक्झलेट. आप्पांची ही तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. पहाटेची पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात आणि दुसऱ्या दिवशीची पहाटेची पहिलीही डब्यातच. लॅबच्या डब्यात बहुधा आधीच थोडं ॲसिड असतं. ते ओतून टाकू नका आणि डब्यात थेट लघवी करू नका, मगात करून मग ओता. त्या दिवशी पथ्य पाळून ‘चांगला’ रिपोर्ट आणायचा मोह टाळा. रोज जे खातात तेच खाऊ द्या.

मग नानांचं चुकत कुठे होतं? गोळी चालू होती, पण रात्री झोपताना, रिकाम्या पोटी. हाडांसाठी म्हणून कुणीतरी तशी लिहून दिलेली होती. त्या वेळी पोटात ऑक्झलेट नसतं. कॅल्शियमला धरायला काही सापडत नाही, ते रक्तात जातं आणि जास्तीचं लघवीत उतरतं. तीच गोळी घासाबरोबर घेतली तर आतड्यातच ऑक्झलेटला भेटते. जेवणाच्या पहिल्या दोन-चार घासांबरोबर घ्यायची. विसरली तर ताटावरून उठायच्या आत घ्यायची. तासाभराने आठवली तर ती पाळी सोडून द्या, पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करू नका.

त्यांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम सायट्रेटची गोळी दिली. एका गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम 250 मिलिग्रॅम. पाकिटावर मोठा आकडा कधीकधी पूर्ण क्षाराचा असतो, म्हणून ‘एलिमेंटल’ शब्दापुढचा आकडा बघायचा. सकाळी न्याहारीला एक, दुपारी दोन, रात्री एक. दुपारी दोन का, तर नानांच्या घरी शेंगदाण्याचं कूट आणि पालेभाजी दुपारच्याच जेवणात असायची. जिथे ऑक्झलेट जास्त तिथे कॅल्शियम जास्त, एवढाच हिशेब. जोडीला दुपारी वाटीभर दही, रात्री ताक. आप्पांचा डोस मात्र त्यांच्या तपासणीवरून डॉक्टरच ठरवतील. रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असेल तर हा मार्ग चालत नाही. कॅल्शियमच्या गोळीत बहुधा डी-3 असतं, त्यावर आठवड्याची 60,000 युनिटची पुडीही चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सुरुवातीला सगळं जमलं असं वाटलं, पण तीन गोष्टी आडव्या आल्या. गोळ्यांचं पाकीट घरी आणि नानांचं दुपारचं जेवण मळ्यात, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोळ्याच चुकत होत्या. सुनेने एक पट्टी भाकरीच्या डब्याच्या पिशवीतच ठेवून दिली. दुसरं, रक्तवाढीची लोहाची गोळी ते याच जेवणाबरोबर घ्यायचे. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, म्हणून लोह किमान दोन तास लांब नेलं. थायरॉईडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर लागतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक दिली तर कॅल्शियम चालू असल्याचं त्या डॉक्टरांना सांगायचं.

तिसरी गोष्ट उपवास, आणि ती आपल्याकडे फार महत्त्वाची. एकादशी, चतुर्थी, शिवाय सोमवार. “आज उपास आहे” म्हणून नाना गोळी सोडायचे आणि खायचे काय, तर शेंगदाण्याच्या कुटात घोळलेली साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, रताळी. ऑक्झलेटच्या हिशेबाने उपवासाचा दिवस महिन्यातला सगळ्यात वाईट ठरत होता. उपवास मोडायला सांगितलं नाही, सांगून कुणी ऐकतही नाही. भगर, ताक आणि घरचीच केळी खायची, खिचडी खाल्लीच तर कूट चिमूटभर, आणि गोळी त्याही फराळाबरोबर घ्यायचीच, असं ठरलं.

बाकी पथ्य फार लांबवलं नाही. अशा माणसाचं वजन आधीच उतरलेलं असतं, त्यात पन्नास गोष्टी बंद केल्या तर खाणार काय? पालक आणि आंबट चुका पूर्ण बंद. 100 ग्रॅम कच्च्या पालकात 600 मिलिग्रॅमच्या वर ऑक्झलेट असतं, तिथे दोन गोळ्यांच्या भरवशावर राहता येत नाही. बीट, काजू-बदाम, तिळाची चटणी कधीतरीच. मेथी खुशाल खावी. टोमॅटोच्या बिया बिचाऱ्या उगाच बदनाम आहेत. भरीतही चालतं, कारण वांग्यात ऑक्झलेट फार नाही. अडचण आहे ती वरून ओतलेल्या तेलाची आणि दाण्यांची. शेवभाजीची तर्री तर दोन्ही बाजूंनी मारते. तेल जितकं जास्त तितकं कॅल्शियम साबणात अडकणार, म्हणून नानांसाठी दिवसाचं तेल चार चहाच्या चमच्यांवर आणलं आणि शेवभाजी महिन्यातून एकदा, वरची तर्री काढून. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही घरात असतील तर बंद करा, शरीरात त्यांचं ऑक्झलेट होतं.

पाणी किती प्यावं हे ग्लास मोजून ठरत नाही, कारण जुलाबावाटे किती गेलं ते कळत नाही. बाहेर पडणारी लघवी मोजा. आठवड्यातून एक दिवस दोन लिटरची बाटली ठेवा. चोवीस तासांत ती भरली पाहिजे. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा पाणी चढवावंच लागतं, आणि जुलाब जास्त असतील तर नुसत्या पाण्याऐवजी त्यातलं काही ओआरएस असावं.

सायट्रेटसाठी पोटॅशियम सायट्रेट दिलं तर ते पातळ औषधाच्या रूपात मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी जुलाबाच्या माणसात कधीकधी तशीच शौचातून बाहेर पडते.

दोन महिन्यांनी नानांची तपासणी पुन्हा केली. ऑक्झलेट 84 वरून 52, कॅल्शियम 118, सायट्रेट 240, लघवी पावणेदोन लिटर. ऑक्झलेट अजून हद्दीच्या वर आहे, पण कॅल्शियम वाढूनही अडीचशेच्या बरंच खाली आहे, म्हणून गोळ्या तशाच ठेवल्या. ते अडीचशेकडे सरकू लागलं असतं तर डोस कमी केला असता. जुलाब आटोक्यात यावेत म्हणून पित्त बांधणारी कोलेस्टिरामिनची पावडर देण्याचा विचार पोटाच्या डॉक्टरांनी चालवला आहे. ती सुरू झाली तर बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्या लागतील आणि वेळांचा तक्ता नव्याने मांडावा लागेल.

मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं आप्पांचं रक्तातलं क्रिएटिनिनही दर तपासणीला बघत राहा. ऑक्झलेट फार काळ वाढलेलं राहिलं तर ते खडा न करता थेट मूत्रपिंडाच्या गाभ्यात साचतं, आणि त्याला कळ येत नाही. पाठीत कळ आणि सोबत थंडी-ताप, किंवा लघवी एकदम बंद, असं झालं तर घरी थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.