नफा आहे, पण हंगामाच्या तोंडावर रोख नाही: महिनावार अंदाजपत्रकाची मांडणी

प्रश्न: आमचा हंगामी माल तयार करून विकण्याचा छोटा व्यवसाय आहे. वर्षअखेरीस नफा दिसतो, पण ऐन हंगामाच्या तोंडावर पुरवठादारांचे पैसे द्यायला हातात काही उरत नाही. तुटवडा आधीच कळेल असे रोख अंदाजपत्रक कसे मांडावे?

उत्तर:

सुरुवात विक्रीच्या अंदाजापासून करावी, मात्र विक्रीचा आकडा अंदाजपत्रकात थेट उतरवू नये. तिथे बिल केव्हा झाले याला महत्त्व नसते, पैसा कोणत्या महिन्यात हाती आला आणि कोणत्या महिन्यात बाहेर गेला एवढेच पाहायचे असते. त्यामुळे घसारा या तक्त्यात येत नाही. उलट कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल, मालकाची उचल आणि वर्षातून एकदा भरायचा विम्याचा हप्ता, जे नफ्या-तोट्याच्या हिशेबात एक तर दिसत नाहीत किंवा बारा महिन्यांत विभागले जातात, ते ज्या महिन्यात प्रत्यक्ष द्यायचे त्या महिन्यात पूर्ण रकमेने येतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे हजारांत आहेत. सहा महिन्यांची विक्री १००, १५०, ३००, ६००, ४०० आणि १०० आहे, तर हंगामाबाहेर दर महिन्याला १०० आहे. विक्रीपैकी २० टक्के रक्कम त्याच महिन्यात, ५० टक्के पुढच्या महिन्यात आणि ३० टक्के त्यानंतरच्या महिन्यात वसूल होते. कच्चा माल विक्रीच्या दोन महिने आधी घ्यावा लागतो आणि पुरवठादार एक महिन्याची उधारी देतो, म्हणजे विक्रीच्या ६० टक्के एवढी मालाची किंमत विक्रीच्या आदल्या महिन्यात द्यावी लागते. भाडे आणि कायम पगार मिळून महिन्याला ५०, हंगामी मजुरी दुसऱ्या महिन्यात २०, तिसऱ्यात ४० आणि चौथ्यात २०, शिवाय तिसऱ्या महिन्यात विम्याचे २५ आहेत. आरंभीची शिल्लक १५० धरली आहे.

| महिना | विक्री | आवक | जावक | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | १०० | १०० | १४० | ११० |
| २ | १५० | ११० | २५० | −३० |
| ३ | ३०० | १६५ | ४७५ | −३४० |
| ४ | ६०० | ३१५ | ३१० | −३३५ |
| ५ | ४०० | ४७० | ११० | २५ |
| ६ | १०० | ४०० | ११० | ३१५ |

आवकीचा रकाना कसा भरला ते चौथ्या महिन्यावरून पाहावे: ६०० चे २० टक्के म्हणजे १२०, आदल्या महिन्याच्या ३०० चे ५० टक्के म्हणजे १५० आणि त्याआधीच्या १५० चे ३० टक्के म्हणजे ४५, असे ३१५. या सहा महिन्यांत विम्यासह सर्व खर्च वजा जाता सुमारे २५५ नफा होतो, तरीही तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ३४० चा खड्डा आहे. हाताशी किमान ४० शिल्लक राहावी असे ठरवले, तर ३८० ची सोय करावी लागेल.

माझ्या मते या तक्त्यातली सर्वांत बोलकी ओळ चौथ्या महिन्याची आहे. विक्री शिखरावर असतानाही त्या महिन्यात रोख फक्त ५ ने वाढते, कारण त्या विक्रीचा मोठा भाग अजून ग्राहकांकडेच अडकलेला असतो. हे लक्षात न घेता बहुतेक जण पुरवठादाराला म्हणतात की महिनाभर थांबा, तोवर माल विकला जाईल. समजा त्याने तिसऱ्या महिन्यातील ३६० पैकी १८० एक महिना पुढे ढकलले. तिसऱ्या महिन्याची तूट १६० वर येईल, पण चौथ्या महिन्याची ३३५ जशीच्या तशी राहील. कर्जाची कमाल गरज ३८० वरून ३७५ झाली, एवढाच काय तो फरक. तेच १८० दोन महिने पुढे, म्हणजे पाचव्या महिन्यात नेले, तर कमाल गरज २०० वर येते आणि पाचव्या महिन्याची अखेरची शिल्लक मात्र पूर्वीइतकीच राहते. म्हणून सवलत मागण्यापूर्वी खरी वाढीव आवक कोणत्या महिन्यात आहे ते शोधावे आणि देणे तिथपर्यंत न्यावे. सवलतीच्या बदल्यात पुरवठादार दर वाढवत असेल, तर तो वाढीव दर आणि तेवढ्या रकमेवर दोन महिन्यांचे व्याज यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा.

वसुलीची टक्केवारी हे या मांडणीचे सर्वांत दुबळे ठिकाण असते. ती ग्राहकाशी ठरलेल्या मुदतीवरून धरू नये, मागच्या एक-दोन हंगामांच्या खातेवहीतून बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख यांवरून काढावी, आणि बुडीत निघणारा हिस्सा आधीच वजा करावा. त्यानंतर उशिराचा दुसरा तक्ता करावा. वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्याच्या विक्रीपासून ५० आणि ३० हे प्रमाण उलटे झाले, म्हणजे पुढच्या महिन्यात ३० आणि त्यानंतर ५० टक्के आले, तर तूट तिसऱ्या महिन्यात ३७० होऊन चौथ्यात ३९५ वर जाते, आणि पाचव्या महिन्याअखेरही ९५ ची तूट उरते. कर्जाचा आकडा वाढतोच, शिवाय शिखर एक महिना सरकते आणि परतफेड लांबते. कर्जदात्याशी बोलताना हा दुसरा तक्ता पुढे ठेवावा, आणि तोही तूट येण्याच्या दोन-तीन महिने आधी, शिल्लक अजून धन असताना.

महिनावार तक्त्याची आणखी एक मर्यादा आहे. महिन्याच्या दोन टोकांना काय आहे तेच तो दाखवतो, मधले दाखवत नाही. चौथ्या महिन्यात पुरवठादाराचे २४० पाच तारखेला द्यायचे असतील आणि तोवर फक्त ६० जमा झाले असतील, तर महिन्याच्या सुरुवातीची ३४० ची तूट त्या दिवशी ५२० होते. ३८० ची कर्जमर्यादा आणि पूर्ण वापरलेली किमान शिल्लक मिळूनही ती भागत नाही, जरी तक्त्यात तो महिना अधिक ५ असा निरुपद्रवी दिसत असला. त्यामुळे वर्षाचा तक्ता महिनावार असला तरी दुसरा ते पाचवा हे महिने आठवडावार पाडावेत. बाकीच्या महिन्यांसाठी तेवढी मेहनत घेण्याची गरज नाही.

सोपा, पण शिस्त हवी असा भाग म्हणजे दर महिन्याअखेर प्रत्यक्ष आवक-जावक शेजारच्या रकान्यात लिहून उरलेल्या महिन्यांचा अंदाज पुन्हा काढणे. दुसऱ्या महिन्याची वसुली अंदाजापेक्षा कमी आली, तर फरक नुसता पुढे ओढू नये. ग्राहकाने उशीर केला की विक्रीच कमी झाली हे आधी पाहावे, कारण पहिल्या बाबतीत पैसा पुढे येणार असतो, तर दुसऱ्या बाबतीत खरेदीची मागणी ताबडतोब कमी करावी लागते.

शेवटी सहाव्या महिन्याचे ३१५. ही रक्कम पाहून मालक मोठी उचल करतात आणि पुढच्या हंगामाचा खड्डा तिथेच खणला जातो. तक्ता बारा महिन्यांपर्यंत नेला, तर सातव्या महिन्यात उरलेल्या वसुलीमुळे ८० ची भर पडते आणि नंतर दर महिन्याला १० ने घट होऊन, व्याज आणि कर वेगळे ठेवल्यास, बाराव्या महिन्याअखेर ३४५ उरतात. ते सगळे व्यवसायात राहू दिले, तर पुढील हंगामाची कमाल गरज ३८० ऐवजी १८५ असेल. पुन्हा १५० वरच सुरुवात व्हावी इतकी उचल करायची असेल, तर ती जास्तीत जास्त १९५ असू शकते, आणि तेव्हा ३८० ची सोय पुन्हा करावी लागेल.